मारुती रोड अडला आणि धमकी सुटली: प्रतिक्रियांची तपासणी कशी बसवावी

सांगलीत मारुती रोडवरच्या दुकानात औषध मिळतंय का, असं कुणी विचारलं तर त्यात धमकी कुठली? आमच्या तपासणीला मात्र ती दिसली. द्राक्ष आणि बेदाणा बागायतदारांसाठीच्या एका छोट्या ॲपचं काम मी बघतो. रोजच्या सौद्याच्या दराखाली लोक आपलं म्हणणं लिहितात. दरावर, पावसावर, डावणी रोगावर, आणि सगळ्यात जास्त व्यापाऱ्यांवर. पहिल्याच आठवड्यात मारुती रोडचा प्रश्न अडकून पडला आणि त्याच दुपारी ‘उद्या सौद्याला येऊ दे, बघतोच त्याला’ हे वाक्य कुणी न अडवता सगळ्यांच्या फोनवर गेलं.

चूक माझीच होती. मी वाईट शब्दांची यादी केली होती आणि यादीतला शब्द सापडला की ‘आक्षेपार्ह’ असा एकच शिक्का मारत होतो. खरं तर तपासणीने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. हे कुठल्या प्रकारचं आहे? आणि किती गंभीर आहे? प्रकारावरून प्रतिक्रिया कुणाकडे जाणार ते ठरतं, तीव्रतेवरून किती घाईने जाणार ते ठरतं.

आधी कागदावर लिहा

संगणकाला हात लावण्याआधी प्रकार ठरवा. आम्ही सहा ठेवले: शिवीगाळ, धमकी, जात-धर्मावरून द्वेष, लैंगिक मजकूर, स्वतःला इजा, आणि दुसऱ्याची खासगी माहिती. प्रत्येकाला 0 ते 3 अशी तीव्रता. 0 म्हणजे काही नाही. 1 म्हणजे टोचतं, पण जाऊ द्यावं. 2 म्हणजे माणसाने बघेपर्यंत थांबवावं. 3 म्हणजे ज्याची पाळी असेल त्याचा फोन तत्काळ वाजला पाहिजे.

एवढ्यावर भागत नाही. पायरी कशाने चढते, हे प्रत्येक प्रकारासाठी वेगळं लिहावं लागतं. शिवी हवेत सोडलेली आहे की कुणाच्या अंगावर फेकलेली, हा फरक मोठा. ‘आयला, दर पडला की’ यात शिवीगाळ 0. आमच्याकडची आजी नातवाला ‘मुडद्या, जेवायला ये’ म्हणते, तेही 0. तोच शब्द अनोळखी माणसाला भांडणात वापरला की 1. धमकीत माणूस, जागा आणि वेळ बघायची. ‘असल्यांना चोपलं पाहिजे’ हे 1. माणूस ओळखता येत असेल तर 2. त्यात ‘उद्या’ आणि ‘सौद्याला’ आलं की 3, मग भाषा कितीही सौम्य असो. जातीवाचक अपमानाला आम्ही 1 ठेवलाच नाही, तो थेट 2 पासून सुरू होतो. अनुसूचित जाती-जमातींबाबत तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तिथे ‘जाऊ द्या’ म्हणायचा अधिकार ॲप चालवणाऱ्याने स्वतःकडे घेऊ नये.

दुसऱ्याने दिलेली शिवी कुणी तक्रारीत जशीच्या तशी लिहिली, तर शब्द तेच असले तरी लिहिणारा शिवी देत नसतो. अशा वेळी प्रकाराची खूण राहू द्या, तीव्रता एक पायरी खाली आणा.

उत्तराचा साचा

तपासणीचं उत्तर दर वेळी एकाच साच्यात यायला हवं. वर उल्लेख केलेल्या आजीचं उदाहरण सोडा, आता जरा अवघड घेऊ. तासगावच्या एका बागायतदाराची प्रतिक्रिया अशी होती, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलली आहे: ‘माल नेला, पैसे बुडवले. उद्या सौद्याला आला की सोलतो त्याला. हा नंबर घ्या, सगळ्यांनी फोन मारा.’ खाली व्यापाऱ्याचा मोबाइल नंबर. त्याचं उत्तर असं येतं:

```json
{
  "status": "ok",
  "flags": {
    "abuse": 0, "threat": 3, "hate": 0,
    "sexual": 0, "self_harm": 0, "personal_info": 2
  },
  "severity": 3,
  "evidence": ["उद्या सौद्याला आला की सोलतो"]
}
```

एकूण तीव्रता म्हणजे सहा आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा. सरासरी काढू नका. इथे सरासरी एकच्याही खाली येते आणि धमकी सुटून जाते. `evidence` मध्ये मूळ वाक्याचा तुकडा ठेवला की पाळीवरच्या माणसाला सगळं वाचत बसावं लागत नाही.

या माणसाची तक्रार खोटी आहे असं तपासणी म्हणत नाही. पैसे बुडाले असतील, संताप खरा असेल. म्हणून प्रतिक्रिया पुसली नाही, थांबवली. त्याला फोन केला, ‘दादा, नंबर आणि ते सोलायचं वाक्य काढा, बाकीचं नीट लिहून द्या’ म्हटलं. अर्ध्या तासात त्याने तारीख आणि मालाच्या वजनासकट दुसरी प्रतिक्रिया पाठवली. ती लगेच गेली.

मजकूर साफ करताना

आता मारुती रोडकडे येतो. मी ‘मार’ हा पूर्ण शब्द असेल तरच पकडा, असं सांगितलं होतं. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये काना, उकार, वेलांटी ही अक्षरं धरली जात नाहीत. त्यामुळे ‘मारुती’तल्या ‘र’नंतर उकार आला की त्याला वाटतं शब्द संपला. `regex` हे वेगळं बसवावं लागणारं मॉड्यूल मात्र खुणांनाही शब्दाचा भाग मानतं.

```python
import re, regex
re.search(r"\bमार\b", "मारुती रोड")     # सापडतो, चूक
regex.search(r"\bमार\b", "मारुती रोड")  # None, बरोबर
```

चाफळपासून शिराळ्यापर्यंत समर्थांचे मारुती असलेल्या मुलखात ही चूक किती वेळा नडली असती, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट न दिसणाऱ्या अक्षरांची. एकच मराठी शब्द दोन कीबोर्डांवर वेगवेगळ्या आतल्या खुणांनी उमटू शकतो. तपासण्याआधी मजकुराला युनिकोडच्या `NFC` रूपात आणा आणि शब्दांमध्ये लपलेले जोडक काढा. हे फक्त प्रतीवर करा. मूळ मजकुरातला जोडक काढला तर ‘दर्‍या’सारख्या शब्दातला अर्धा र बदलून शब्द बिघडतो, आणि लिहिणाऱ्याला आपलंच लिहिणं मोडलेलं दिसतं.

पण मर्यादा इथेच दिसते. यादी कितीही नीट केली तरी मराठीतलं ‘मारणं’ तिच्या हाती लागत नाही. माणसं फोन मारतात, चक्कर मारतात, गप्पा मारतात, बागेत औषध मारतात. यातलं काहीही धमकी नाही. उलट ‘बघतोच त्याला’मध्ये मारणं कुठेच नाही. म्हणून यादी फक्त मोबाइल नंबर आणि ठरलेल्या जातीवाचक शब्दांसाठी ठेवा. बाकीचं वाक्य समजून घेणाऱ्या मॉडेलकडे द्या आणि त्याला कागदावरच्या व्याख्या उदाहरणांसकट पुरवा.

तयार सेवा घेतलीत तर तिचा आकडा काय सांगतो ते आधी वाचा. मायक्रोसॉफ्टची अझूर कंटेंट सेफ्टी द्वेष, लैंगिक, हिंसा आणि स्वतःला इजा या चार प्रकारांना तीव्रता देते, मजकुरासाठी नेहमीच्या रीतीने 0, 2, 4, 6. ओपनएआयची मॉडरेशन सेवा प्रत्येक प्रकाराला हो-नाही आणि 0 ते 1 मधला एक आकडा देते. तो आकडा मॉडेलच्या खात्रीचा असतो, गांभीर्याचा नाही. ‘गाढवा’ या शब्दाला भरपूर खात्री मिळू शकते, तीव्रता मात्र 1 च. खात्रीलाच तीव्रता समजून पायऱ्या पाडल्या की साधी शिवी वर जाते आणि गर्भित धमकी तळाला राहते. मराठीसाठी एल3क्यूब या पुण्याच्या गटाचा महाहेट हा 25,000 हून अधिक ट्विटचा संच 2022 पासून आहे. त्यात द्वेष, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यातलं काही नाही अशी चार खाती आहेत, पण तीव्रता नाही. ती तुम्हालाच ठरवावी लागते.

‘औषध’ या शब्दापाशी थांबा

आमच्या भागात औषध म्हणजे बागेवर फवारायचं. ‘भुरीला औषध मारलं’ रोज दहा जण लिहितात. पण कर्जाच्या गोष्टीत ‘आता औषधाशिवाय पर्याय नाही’ असं आलं, तर इथला कुठलाही माणूस वाक्य अर्ध्यात असतानाच उठून उभा राहतो. बाहेरच्या मॉडेलला ही शेतीची गोष्ट वाटते. आमच्या व्याख्येत हे वाक्य उदाहरण म्हणून घातल्यावरच ते नीट पकडलं जाऊ लागलं.

प्रकार आणि तीव्रता वेगळी का ठेवायची, ते इथे कळतं. धमकी 3 आणि स्वतःला इजा 3, आकडा एकच, पण वाटा उलट. पहिल्यात लिहिणाऱ्याला थांबवायचं. दुसऱ्यात त्याला गाठायचं. त्याचं खातं बंद करणं किंवा ‘नियम मोडला’ असा निरोप पाठवणं ही सगळ्यात वाईट गोष्ट ठरेल. आमच्याकडे अशी खूण आली की गावातल्या ओळखीच्या माणसाला लगेच फोन जातो आणि लिहिणाऱ्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक पाठवला जातो.

चाचणी

जुन्या 200 प्रतिक्रिया घ्या. दोन माणसांना एकमेकांचं न बघता आकडे द्यायला सांगा. आमच्याकडे मी आणि मिरजेचे एक निवृत्त गुरुजी. एका पायरीचा फरक पडला तर चालतं. दोन पायऱ्यांचा पडला तर आमच्यातल्या कुणाची समज चुकलेली नसते, व्याख्याच अपुरी असते. गुरुजी ‘मेल्या’ला 2 देत होते, मी 0. त्यावर आम्ही चहा संपेपर्यंत भांडलो आणि व्याख्येत ‘कुणाला उद्देशून’ हा शब्दप्रयोग आला.

मग तपासणीचे आकडे आमच्या आकड्यांशी ताडून बघा, पण ‘किती टक्के बरोबर’ हा एकच आकडा धरू नका. 200 मध्ये समजा 14 प्रतिक्रिया 2 किंवा 3 च्या आहेत. डोळे मिटून सगळ्यांना ‘हरकत नाही’ म्हणणारी तपासणीही 186 वेळा बरोबर ठरते, म्हणजे 93 टक्के. म्हणून त्या 14 पैकी किती सुटल्या, आणि 186 पैकी किती विनाकारण अडल्या, हे दोन आकडे वेगळे लिहा. ‘मारुती रोड’ दुसऱ्यात मोजला जातो.

सेवा बंद पडली तर

हे मी विसरलो होतो. एका संध्याकाळी इंटरनेट गेलं, तपासणीचं उत्तरच आलं नाही, आणि माझ्या प्रोग्रामने रिकामं उत्तर 0 धरून सगळं पुढे सोडलं. ‘तपासलं, काही नाही’ आणि ‘तपासलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता उत्तर आलं नाही तर असं लिहिलं जातं:

```json
{"status": "error", "flags": null, "severity": null}
```

तीव्रता `null` असली की प्रतिक्रिया थांबते, पुन्हा तीनदा तपासली जाते, आणि तरीही उत्तर आलं नाही तर पाळीवरच्या माणसाच्या यादीत जाते. त्या संध्याकाळी सुटलेल्या सगळ्या प्रतिक्रिया आम्ही दुसऱ्या दिवशी हाताने वाचल्या. त्यात एक मोबाइल नंबर निघाला.