गृहभेटीची गोष्ट: आजी स्वतःहून काही सांगणार नाहीत

गृहभेटीत सिस्टरला एखादी लपलेली गरज सापडते, अशी गोष्ट नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी लिहायला सांगितली की दहातल्या नऊ गोष्टी एकाच वळणाने जातात. आजी एकट्या, मुलगा मुंबईत, सिस्टर दारात, आजींच्या डोळ्यांत पाणी, "बाई, बोलायला कुनी न्हाई." संपली गोष्ट. वर्गात वाचून दाखवली की मुली हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी गावात जाऊन रक्तदाब मोजून परत येतात. त्यांना त्या गोष्टीतून काय बघायचं हे कळलेलंच नसतं. म्हणून एकटेपणा ही लपलेली गरज म्हणून वापरू नका. तो प्रत्येक घरात सापडतो आणि त्यातून सिस्टरच्या हाताला काही काम लागत नाही.

आधी गरज ठरवा, मग माणूस. गरज शरीरात आणि घरात दोन्हीकडे दिसणारी हवी आणि ती लपवायला आजींकडे कारण हवं. मी नेहमी देते ते उदाहरण घ्या. जावळी तालुक्यातलं गाव, पावसाळा. घरातले पुरुष माथाडी कामाला मुंबईत, आजी वय ७२, घरी एकट्या. उपकेंद्रातून रक्तदाबाच्या दोन गोळ्या मिळतात: अम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाईड. दोन्ही त्या रात्री जेवल्यावर घेतात, कारण शेजारची नात त्याच वेळी येऊन काढून देते. संडास परसात, मधे उताराची निसरडी वाट. एका रात्री त्या तिथे पडल्या. तेव्हापासून लघवीची गोळी बंद आणि दुपारनंतर पाणीही बंद. कुणाला सांगितलं नाही, कारण मुलाला कळलं तर तो मुंबईला नेऊन चाळीतल्या खोलीत ठेवेल. एवढं तुम्हाला माहीत हवं. वाचणाऱ्याला अजून काही सांगायचं नाही.

गाव, घर, पाऊस चार-पाच वाक्यांत उरका. सह्याद्रीचं वर्णन नको.

आता शोध. माझ्याही गोष्टी इथेच रखडायच्या आणि विद्यार्थ्यांच्या तर हमखास. गरज कळावी कशी? सोपी पळवाट म्हणजे आजींकडून वदवून घेणं. ती घेऊ नका. जी बाई इतके दिवस गोष्ट लपवते ती पहिल्या चहाला मन मोकळं करत नाही. दुसरी पळवाट म्हणजे सिस्टरची 'नजर': "सिस्टरांना काहीतरी वेगळं जाणवलं." काय जाणवलं? कुठे बघून? ते लिहिता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलीने तरी काय उचलायचं?

माझा नियम असा की शोध नेहमीच्या कामातून लागू द्यावा. सिस्टर घरी गेल्यावर जे क्रमाने करतेच, त्यातच खुणा पेरा. बॅग उघडण्याआधी हात धुवायचे असतात. धुवायची जागा परसात ठेवा, म्हणजे सिस्टरला ती वाट स्वतःच्या पायांनी चालावी लागते आणि पाय घसरतो. रक्तदाब मोजताना पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो. त्यासाठी पोलक्याची बाही वर सारली की दंडावर पिवळट-हिरवा पडत चाललेला जुना डाग दिसतो. मोजण्याआधी पाच मिनिटं निवांत बसवायचं असतं. त्या पाच मिनिटांत चहा येतो, आजी स्वतः घेत नाहीत, "दुपारनं नगं वाटतं" म्हणतात. तिन्ही खुणा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि अजून कुणी 'गरज' हा शब्द उच्चारलेला नाही.

एक अडथळा मात्र जरूर घाला, नाहीतर ती गोष्ट न राहता यादी होते. गेल्या भेटीत १३८/८४ असलेला दाब आज १६८/९२ भरतो. सिस्टर गोळ्यांची पाकिटं मागते. ती बरोबर तारखेइतकी रिकामी निघतात. म्हणजे गोळ्या चुकवत असतील, ही पहिली शंका खोटी ठरल्यासारखी वाटते. इथे विद्यार्थ्यांना थोडं अडकू द्या. "गोळ्या घेता का?" या प्रश्नाला "घेते की" हेच उत्तर मिळतं, आणि "पडलात का?" ला "न्हाई". होय-नाहीत संपणारा प्रश्न सिस्टरच्या तोंडी घालू नका. असं लिहा:

"आजी, परसात माझाच पाय घसरला हो. रातीचं कसं करता तुम्ही?"

"रातच्याला जातच न्हाई."

"मग त्या गोळीनं उठायला लागत नाही?"

आजी कोनाड्यातल्या डबीकडे बघतात. "ती काढून ठिवते. आशाबाईला रिकामं पाकीट दावाय लागतं न्हवं."

इथे थांबा. आजींना रडवू नका, पाठीवरून हात फिरवू नका. डबी उघडली, आत गोळ्या, बस.

यानंतर सिस्टर काय करते यात चुकलात तर गोष्ट घातक होते. मी वाचलेल्या कित्येक गोष्टींत सिस्टर रागावते, लगेच गोळी गिळायला लावते आणि पुढच्या महिन्यात आजी ठणठणीत. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला दाबाची गोळी आग्रहाने द्यायच्या आधी उभं करून दाब बघायचा असतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. आपल्या आजींचा उभ्याने १६२/९० ठेवा. फारसा उतरला नाही, म्हणजे पडायला चिखल आणि अंधार पुरेसे होते. पण हा आकडा लघवीची गोळी बंद असतानाचा आहे. ती पुन्हा सुरू झाल्यावर उभ्याने परत मोजावं लागेल, हे सिस्टरच्या वहीत दिसू द्या.

सिस्टरने गोळीची वेळ स्वतःच्या अधिकारात बदलू नये. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करते, दोन्ही गोळ्या, पडणं, बसून-उभं दोन्ही आकडे सांगते, आणि डॉक्टर लघवीची गोळी सकाळी घ्यायला सांगतात. रात्रीच्या उठण्याचं बरंचसं कारण तिथेच कमी होतं. पाणी मात्र दिवसा भरपूर प्यायचं, हेही आजींना पटवावं लागतं.

राहिली वाट. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र माणसाला साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यात कमोड खुर्चीही बसते. योजनेचा एका ओळीत उल्लेख पुरे. अर्ज भरण्याचं प्रकरण गोष्टीत नको. कारण खरा प्रश्न आज रात्रीचा आहे. खाटेजवळ झाकणाचं भांडं ठेवायचं ठरलं, तर सकाळी ते रिकामं कोण करणार? आजी शेजारच्या सुनेला सांगायला लाजतात. हा पेच सोडवू नका, नुसता दाखवा. वर्गात सगळ्यात जास्त बोलणं यावरच होतं. मुलाला कळवायचं का, हेही सिस्टर आजींना विचारते. परस्पर फोन लावत नाही.

शेवट पुढच्या भेटीतल्या आकड्यांवर करा, आणि ते पाठ्यपुस्तकी नकोत. बसून १४६/८६, उभ्याने १३८/८४, डबी रिकामी, भांड्याचं अजून ठरलेलं नाही. तात्पर्य लिहू नका. गोष्टीखाली दोनच प्रश्न द्या: पहिल्या भेटीनंतर सिस्टरने रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहावं? आणि पाकीट रिकामं असणं हा गोळी घेतल्याचा पुरावा का नाही? पहिल्याचं उत्तर 'रक्तदाब वाढलेला, समुपदेशन केले' असं आलं, तर तो कागद परत करा.