मराठी ओळींशेजारचे उर्दू शेर पोस्टरवरून उतरवून घेताना दिशा आणि क्रम कसा राखावा

मालेगाव, भिवंडी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मुशायऱ्यांच्या पोस्टरवर उजवीकडे उर्दू शेर आणि डावीकडे त्याचा मराठी अनुवाद अशी मांडणी असू शकते. असे पोस्टर संगणकावर उतरवून घेताना दोन निरनिराळ्या चुका होऊ शकतात. ओळीतील शब्दांची दिशा बिघडली, तर ते उर्दू वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. शेराच्या दोन ओळींची, म्हणजे मिसऱ्यांची, अदलाबदल झाली, तर मात्र प्रत्येक मिसरा सुटा वाचताना बिनचूकच वाटतो आणि चूक तशीच छापून जाते. म्हणून दुसऱ्या चुकीकडे अधिक लक्ष द्यावे.

पोस्टरचा समोरून, सरळ घेतलेला फोटो जवळ ठेवावा, संगणकात उर्दूचा कीबोर्ड सुरू करावा आणि नस्तालिक वळणाचा एखादा फॉन्ट, उदाहरणार्थ Noto Nastaliq Urdu, बसवून घ्यावा. अरबी कीबोर्डवर काम भागवू नये, कारण त्यातील ‘ये’ आणि ‘काफ’ दिसायला बरेचसे उर्दूसारखे असले तरी त्यांचे संकेतांक वेगळे असतात आणि पुढे शोध घेताना शब्द सापडत नाही. पोस्टरची पीडीएफ हाती असली तरी त्यातून मजकूर उचलून चिकटवू नये. अक्षरे सुटी किंवा उलट क्रमाने येण्याची शक्यता असते, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा दोन ओळी नव्याने टाइप करणे केव्हाही सोपे असते.

टाइप करण्याआधी मिसऱ्यांचा क्रम ठरवावा. उर्दू गझल छापण्याच्या जुन्या पद्धतीत शेराचे दोन्ही मिसरे एकाच आडव्या रांगेत असतात. उजव्या अर्ध्यात उला, म्हणजे पहिला मिसरा, आणि डाव्या अर्ध्यात सानी, म्हणजे दुसरा. जागा अपुरी असली की सानी उलाच्या खाली येतो. शेजारचा मराठी अनुवाद वाचता वाचता नजर उर्दूकडे गेली, की ती डावीकडूनच सुरुवात करते आणि सानी आधी उचलला जातो. शंका आल्यास रदीफ, म्हणजे शेराशेराच्या शेवटी तेच पुन्हा येणारे शब्द, पाहावी. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, सोडल्यास गझलेतील प्रत्येक शेरात काफिया, म्हणजे रदीफेआधीचा यमकाचा शब्द, आणि रदीफ सानी मिसऱ्याच्याच शेवटी येतात. मतल्यात मात्र दोन्ही मिसरे रदीफेनेच संपत असल्याने ही कसोटी चालत नाही, तेथे केवळ जागेवरून, म्हणजे उजवीकडचा आधी, असा निर्णय घ्यावा. मराठी ओळींच्या क्रमावरून उर्दूचा क्रम ठरवण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही, कारण मराठी वाक्यरचनेच्या सोयीसाठी अनुवादकाने ओळी पुढेमागे केलेल्या असू शकतात.

आता खरा अवघड टप्पा. ‘उर्दू ओळ टाइप करा आणि उजवीकडे सरकवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. ओळ उजव्या कडेला लावल्याने तिची जागा बदलते, परिच्छेदाची दिशा बदलत नाही. दिशा डावीकडून उजवीकडे अशीच राहिली, की मिसऱ्याच्या शेवटी दिलेले उद्गारचिन्ह उडी मारून उजव्या टोकाला, म्हणजे मिसऱ्याच्या सुरुवातीला जाऊन बसते. वर्डमध्ये उर्दू कीबोर्ड सुरू असताना `Ctrl` आणि उजवीकडची `Shift` दाबली की परिच्छेदाची दिशा उजवीकडून होते. `Ctrl` आणि डावीकडची `Shift` दाबली की पुन्हा मराठीची दिशा येते. उर्दू ओळ टाइप करण्यापूर्वीच ही दिशा लावून घ्यावी.

यापेक्षा मोठा धोका दंडाचा आणि देवनागरी अंकांचा आहे. नमुन्यासाठी रचलेला हा मतला पाहा: ‘दिन ढलते ही घर याद आया, राह का वो मंज़र याद आया’. मराठी टाइप करण्याची सवय असलेला माणूस उर्दूचे दोन्ही मिसरे एका ओळीत लिहितो आणि मध्ये दंड देतो. उर्दू अक्षरांना संगणक स्वतःहून उजवीकडून लावतो, पण दंड आणि देवनागरी अंक हे त्याच्या लेखी मराठी अक्षरांसारखेच डावीकडून जाणारे असतात. त्यामुळे परिच्छेदाची दिशा मराठीची असेल, तर त्या एका दंडाने ओळीचे दोन तुकडे पडतात आणि ते डावीकडून मांडले जातात: ‘दिन ढलते’ डाव्या अर्ध्यात जातो, ‘राह का’ उजव्या अर्ध्यात येतो. उर्दू वाचक उजवीकडून वाचत असल्याने त्याला सानी आधी मिळतो. दंडाऐवजी तिरकी रेघ दिली असती, तर हेच मिसरे योग्य जागी राहिले असते. शेराला ‘२’ असा देवनागरी क्रमांक दोन मिसऱ्यांच्या मध्ये दिला, तरी दंडासारखाच बिघाड होतो.

असे झाले की लोक मिसरे कापून इकडचे तिकडे चिकटवतात. हे कटाक्षाने टाळावे. त्या वेळी पडद्यावर चित्र बरोबर दिसते, पण साठवलेला क्रम उलटा होतो, आणि तोच मजकूर दुसऱ्या ठिकाणी नेताच शेर उलटतो. मजकूर नेहमी वाचनाच्या क्रमाने टाइप करावा आणि तो कसा दिसावा, हे परिच्छेदाच्या दिशेवर सोपवावे. माझे स्पष्ट मत असे आहे की उतरवून घेताना प्रत्येक मिसऱ्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा आणि दंड व क्रमांक मराठी बाजूलाच ठेवावेत. वेबपानासाठी हाच नमुना असा लिहावा:

```
<p dir="rtl" lang="ur">دن ڈھلتے ہی گھر یاد آیا</p>
<p dir="rtl" lang="ur">راہ کا وہ منظر یاد آیا</p>
<p dir="ltr" lang="mr">दिवस मावळताच घर आठवले</p>
<p dir="ltr" lang="mr">वाटेवरचे ते दृश्य आठवले</p>
```

एखाद्या मराठी वाक्यातच पूर्ण शेर द्यावा लागला, तर दोन्ही मिसरे आणि त्यांच्यामधले चिन्ह `dir="rtl"` असलेल्या एकाच `span` मध्ये ठेवावे. प्रत्येक मिसऱ्याला वेगळा `span` दिला, तर ते मराठी वाक्याच्या दिशेने मांडले जातात आणि उला पुन्हा डावीकडे जातो.

पोस्टरसारखी शेजारी-शेजारी मांडणी हवी असल्यास दोन रकान्यांचा तक्ता करावा, तक्त्याची दिशा मराठीचीच ठेवावी आणि फक्त उर्दू रकान्यातील परिच्छेदांची दिशा बदलावी. नस्तालिक अक्षरे तिरकी उतरत जात असल्याने उर्दू ओळींना मराठीपेक्षा अधिक उंची द्यावी, नाहीतर वरखालचे नुक्ते कापले जातात.

शेवटची तपासणी डोळ्यांनी नव्हे, कीबोर्डने करावी. उर्दू परिच्छेदाच्या आरंभी कर्सर नेऊन `Delete` एकदा दाबावे: उला मिसऱ्याचे पहिले अक्षर, आपल्या नमुन्यात ‘दिन’मधला ‘दाल’, नाहीसे झाले पाहिजे. दुसरेच अक्षर गेले, तर साठवलेला क्रम चुकलेला आहे. तपासून झाल्यावर `Ctrl+Z` दाबून ते अक्षर परत आणावे आणि पुढच्या शेराकडे वळावे.