दोघांचा अल्बम करताय? या चुका टाळा

बहुतेक अल्बम फसतात ते फोटो निवडतानाच. मोबाइलची गॅलरी उघडायची, छान दिसतील त्यांना हार्ट द्यायचं आणि सगळे प्रिंटला टाकायचे. मग चोवीस पानांपैकी अठरा पानं प्री-वेडिंग शूट आणि हळदीतच संपतात. फोटो सुंदर असतात, पण दोघांचं जमलं कसं ते कुठेच कळत नाही.

आधी कागदावर गोष्ट लिहा, एका प्रसंगाला एक ओळ. माझ्या मावसबहिणीच्या अल्बमच्या ओळी अशा होत्या: नागपुरात सीताबर्डीच्या क्लासमध्ये ओळख, फुटाळा तलावावर पहिली भेट, त्याची पुण्यातली नोकरी, घरच्यांना सांगणं, साखरपुडा, लग्न. प्रत्येक ओळीला दोन ते चार पानं दिली आणि मग फोटो शोधले. तेव्हा कळलं की लग्नाचे हजारभर फोटो आहेत आणि पुण्याच्या दोन वर्षांचा एकही नाही. तिथे व्हिडिओ कॉलचा एक स्क्रीनशॉट आणि ट्रेनचं तिकीट लावलं. माझ्या मते तेच पान सगळ्यात बोलकं झालं.

एका प्रसंगाचे चाळीस फोटो असले तर तीनच ठेवा: जागा दिसेल असा एक, दोघं काहीतरी करताहेत असा एक, आणि एखाद्या वस्तूचा किंवा हाताचा जवळून घेतलेला. दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत असे फोटो सलग दोन पानं आले की तिसऱ्या पानावर बघणारा भरभर पानं उलटू लागतो.

प्रिंट धूसर आली तर दोष बहुधा स्टुडिओचा नसतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, तोच पुढे दोन-तीनदा फिरला की आणखी बिघडतो. चार बाय सहा इंचाच्या स्वच्छ प्रिंटसाठी साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. फोटोच्या डिटेल्समध्ये आकडा बघा. कमी असेल तर ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. तेही जमलं नाही तर फोटो छोटा छापा.

आता चिकटवणं. फेविकॉल पाणीदार असतो, त्याने कागद फुगतो आणि फोटोला लाटा येतात. फोटोचे कोपरे अडकवायचे फोटो कॉर्नर वापरा, म्हणजे चुकलं तरी फोटो पानावरून काढता येतो. थिएटरची तिकिटं थर्मल कागदाची असतील तर आपल्या उन्हाळ्यात त्यांवरची अक्षरं लवकर उडतात. त्यांची रंगीत झेरॉक्स लावा, मूळ तिकीट पाकिटात ठेवा. नावं-तारखा फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे वळ उमटतो. त्या खाली पानावरच लिहा.

आणि तयार अल्बम कूलरच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात तिथली हवा इतकी दमट होते की समोरासमोरचे ग्लॉसी फोटो एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला आणि अल्बम आतल्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून जरा दूर ठेवा. चिकटलेच तर ओढू नका, फोटोचा वरचा थर निघून येतो. आधी स्टुडिओवाल्याला दाखवा.