ट्रेकच्या व्हिडिओखाली काय लिहावं: हरिश्चंद्रगडाच्या तीन वाटा

हरिश्चंद्रगडाचा व्हिडिओ अपलोड करताना आधी एवढं ठरवा: कोणत्या वाटेचा हरिश्चंद्रगड? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाचनईतून चढलेला, पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे चढलेला, की ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने गाठलेला? पाचनईहून घरातली मोठी मुलंही चढून जातात. नळीच्या वाटेला दोर लागतो, अनुभवी माणूस सोबत लागतो आणि अख्खा दिवस जातो. 'हरिश्चंद्रगड, मध्यम श्रेणी' असं लिहिलं तर ते तिन्ही वाटांना लागू पडत नाही. म्हणून व्हिडिओखालची सगळी माहिती गडाची नव्हे, वाटेची लिहायची. खाली खिरेश्वरच्या वाटेचं उदाहरण घेतलंय.

1. टायटल आणि टॅग

यूट्यूबच्या टायटलला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्यातलं बरंच कापलं जातं. त्यामुळे गड आणि वाट ही दोन नावं अगदी सुरुवातीला हवीत: 'हरिश्चंद्रगड, खिरेश्वर–तोलारखिंड वाट, जानेवारी'. 'थरारक', 'जीवघेणा' वगैरे शब्द पुढे असले की वाटेचं नाव कापल्या जाणाऱ्या भागात जातं. टॅगवर फार वेळ घालवू नका. त्यांचा खरा उपयोग स्पेलिंगच्या गोंधळापुरता असतो. रोमन लिपीत शोधणारे `Harishchandragad` लिहितात आणि `Harishchandragadh` सुद्धा. दोन्ही टाका, `Tolar Khind` टाका, की झालं.

2. अंतर

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. '14 किमी' एवढंच लिहिलं तर ते जाऊन-येऊन की एका बाजूचं, हे बघणाऱ्याला कळत नाही. दुसरं म्हणजे मोबाइलचा जीपीएस थांबल्या जागीही थोडा थोडा 'चालत' असतो. मंदिराजवळ जेवायला तासभर बसलात, रेकॉर्डिंग सुरूच ठेवलंत, तर ट्रॅकवर त्या जागी रेघोट्यांचा गुंता दिसतो आणि अंतर फुगतं. उंच कड्यांच्या मधल्या नळीत सिग्नल कड्यावर आपटून येतो, तिथे तर रेघ भलतीकडेच उडी मारते. ट्रॅक नकाशावर उघडून असे गुंते आधी काढा, मगच आकडा लिहा. त्यासोबत चढाची उंचीही हवी, कारण सपाटीवरचे 7 किमी आणि खडी चढणीचे 7 किमी सारखे नसतात.

वेळ तपासायला डोंगरवाल्यांचा एक जुना हिशेब आहे: दर 5 किमीला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा तुमच्या साफ केलेल्या ट्रॅकवर एका बाजूचे 7 किमी आणि 600 मीटर चढ आला. हिशेबाने साधारण अडीच तास होतात. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. पाठीवर सॅक, ऊन, फोटो आणि पाण्याचे थांबे धरले तर खिरेश्वरहून वर जायला चार-पाच तास लिहिणं योग्य. तुम्ही स्वतः तीन तासांत पोचला असाल तरी तो आकडा वेगळा लिहा. तो तुमचा वेग झाला, वाटेचा वेळ नव्हे.

3. श्रेणी

'सोपा, मध्यम, कठीण' यातला एक शब्द द्या, पण त्याला एक वाक्य जोडल्याशिवाय सोडू नका: सर्वांत अवघड जागा कोणती, आणि ती कशामुळे अवघड आहे. खिरेश्वरच्या वाटेवर खिंडीच्या वरचा कातळटप्पा आहे. तिथे रेलिंग आहे, पण ओल्या कातळावर पाय सरकतो. त्याच्या पुढचं पठार चढायला अवघड नाही. मात्र तिथे टेकाडामागून टेकाड येतं आणि धुक्यात वाट हरवते. दम लागणं आणि वाट चुकणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. एकाच शब्दात कोंबल्या तर दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

4. हंगाम

'वर्षभर केव्हाही' असं लिहू नका. महिने लिहा आणि प्रत्येक हंगामात काय बदलतं ते एकेका ओळीत सांगा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते आणि कोकणकडा नीट दिसतो. जून ते सप्टेंबर धबधबे असतात, पण त्याबरोबर धुकं आणि निसरडा कातळही. मार्चनंतर पठारावर सावली कमी आणि पाणी जास्त वाहावं लागतं. नळीची वाट पावसाळ्यात म्हणजे पाण्याचाच मार्ग, तेव्हा तिथे 'पावसाळ्यात जाऊ नये' असं सरळ लिहायचं. शूटिंग कोणत्या महिन्यात केलंय तेही द्या. जानेवारीतला कोरडा कातळ बघून लोक जुलैत निघतात.

5. सुरक्षेच्या सूचना

'काळजी घ्या' या दोन शब्दांनी कुणाचं काही वाचत नाही. सूचना जागेला बांधा: कोकणकड्याच्या काठावर उभं राहू नका, झोपून बघा, कारण खालून वर येणारा वारा जोरदार असतो. धुकं उतरलं तर पठारावर वाटाड्याशिवाय पुढे जाऊ नका. नळीत एकाखाली एक चढू नका, वरच्याच्या पायाखालून दगड सुटतात. मदतीसाठी 112 द्या आणि गडावर रेंजचा भरवसा नाही, हेही त्याच ओळीत लिहा. ती ओळ वाचणारा घरी असतो, गरज मात्र वर पडते. म्हणून 'निघण्यापूर्वी गावात सांगून जा' हे त्यापुढे जोडा.

6. परवानगी

गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे इथे वन विभागाचे नियम लागतात. शुल्क, मुक्कामाची मुभा, पावसाळ्यातली बंदी हे सगळं बदलत राहतं. म्हणून हे व्हिडिओत तोंडाने बोलू नका, डिस्क्रिप्शनमध्ये लिहा. बोललेलं दुरुस्त करता येत नाही, लिहिलेलं पाच मिनिटांत बदलता येतं. प्रत्येक आकड्यासमोर 'अमुक तारखेला नाक्यावर भरले' अशी तारीख घाला. ड्रोन उडवला असेल तर परवानगी कुणाची घेतली तेही लिहा, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं तिथे ड्रोन चालतो.

7. मांडणी

डिस्क्रिप्शनला 5000 अक्षरं मिळतात, पण 'आणखी'वर टॅप करण्याआधी जेमतेम दोन-तीन ओळी दिसतात. वाट, अंतर आणि अवघड जागा तिथेच बसवा. कॅमेऱ्याची यादी आणि इन्स्टाग्रामची लिंक तळाशी जाऊ द्या.

```
खिरेश्वर – तोलारखिंड – मंदिर, त्याच वाटेने परत
एका बाजूने 7 किमी, चढ 600 मी., वर जायला 4–5 तास
अवघड: खिंडीवरचा ओला कातळ; धुक्यात पठारावर वाट चुकते

00:00 खिरेश्वर गाव
04:10 तोलारखिंड
06:35 कातळटप्पा
11:20 पठार
```

वाटेतले टप्पे जोडायला बाणाऐवजी `>` हे चिन्ह टाकलंत तर यूट्यूब डिस्क्रिप्शन सेव्ह करत नाही, म्हणून वर साधी रेघ आहे. चॅप्टर दिसण्यासाठी पहिली वेळ `00:00` हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांपेक्षा लहान नसावा. कातळटप्प्याला स्वतंत्र चॅप्टर नक्की द्या. आपल्याला जमेल का, हे बघायला आलेला माणूस तेवढाच भाग उघडतो.

पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेरीस, जुन्या व्हिडिओंचे परवानगीचे परिच्छेद एकदा उघडून बघा. जिल्हा प्रशासनाचे आणि वन विभागाचे बंदीचे आदेश साधारण त्याच सुमारास निघायला लागतात.