4.6 आणि 3.68 मिळून 2.76: फेझरशी पहिली ओळख

सोलापुरात इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांची मी शिकवणी घेतो. यातल्या कित्येकांच्या घरी किंवा गल्लीत यंत्रमाग असतात, त्यामुळे मोटर, कपॅसिटर, टाँग टेस्टर ही मंडळी पुस्तकाच्या आधीच ओळखीची झालेली असतात. म्हणून फेझरची व्याख्या सांगण्याआधी मी एक प्रश्न टाकतो. सिंगल फेज मोटरच्या वायरीत टाँग टेस्टर 4.6 अँपिअर दाखवतो. तिला पॅरलल जोडलेल्या कपॅसिटरच्या वायरीत 3.68. मग दोघांना करंट पुरवणाऱ्या मेन वायरीत किती?

वर्ग एका सुरात 8.28 म्हणतो. उत्तर आहे 2.76.

टाँग टेस्टर करंटचा फक्त आकार सांगतो, तो करंट कधी शिखरावर पोचतो हे सांगत नाही. बेरीज मात्र प्रत्येक क्षणाच्या किमतींची होते. एका लाटेचं शिखर दुसरीच्या खळग्याजवळ आलं, तर बेरीज घटणारच. सगळ्या लाटा 50 हर्ट्झच्याच असतील, तर त्यांना वेगळं ओळखायला दोनच गोष्टी लागतात: आकार आणि फेज. या दोन गोष्टी एकाच कॉम्प्लेक्स संख्येत मांडल्या की झाला फेझर. `cos(314t)` हा भाग सर्वांत सारखाच असल्यामुळे तो तात्पुरता बाजूला ठेवता येतो. विजेच्या सर्किटसाठी ही पद्धत रूढ केली ती चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी, 1893च्या सुमारास.

आता हेच सर्किट फेझरच्या रूपात बदलू. मोटर म्हणजे 30 ओहम आणि 0.1273 हेन्री सीरीजमध्ये, असं धरा. सप्लाय आहे `v(t) = 325 cos(314t)`. टाइम डोमेनमधलं समीकरण असं:

`v = 30 i + 0.1273 di/dt`

त्रास देतो तो `di/dt`. पण कोसाइनचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की काय होतं? लाट ω पट, म्हणजे इथे 314 पट होते आणि 90 अंश पुढे सरकते, बाकी काही नाही. कॉम्प्लेक्स संख्येला `jω` ने गुणलं तरी नेमकं हेच होतं. म्हणून `di/dt` च्या जागी `jωI` येतं आणि डिफरन्शियल समीकरणाचं साधं बीजगणित होतं. रेझिस्टर 30 चा 30 राहतो, इंडक्टर `j40` होतो, आणि 51 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर `1/(jωC)`, म्हणजे जवळपास `-j62.5`. सप्लायचं पीक 325, आरएमएस 230, म्हणून फेझर `230∠0°`.

`मोटर: I = 230/(30 + j40) = 4.6∠-53.1° = 2.76 - j3.68`
`कपॅसिटर: I = 230/(-j62.5) = j3.68`

बेरीज करताना j चे भाग एकमेकांना खातात आणि 2.76 उरतात. टाइम डोमेनमध्ये परतताना पीक हवं, म्हणून √2 ने गुणायचं: `i(t) = 3.9 cos(314t)`. मोटरचा स्वतःचा करंट कपॅसिटर लावल्यावरही 4.6 च राहतो. हलका होतो तो मेन वायरीवरचा भार.

वह्या तपासताना एक गोष्ट मी आधी पाहतो: एकाच ओळीत `t` आणि `j` दोन्ही आहेत का? असतील तर रूपांतर अर्धवट झालं आहे. `V = 30 i(t) + j40 I` अशी ओळ पुढे कितीही नीट सोडवली तरी फुकट. दुसरी अडचण सप्लाय साइनमध्ये दिला की येते. सगळं कोसाइनवर आणायचं ठरवलं असेल, तर `sin` म्हणजे 90 अंश मागे असलेला कोसाइन. एक स्रोत साइनवर आणि दुसरा कोसाइनवर ठेवला की कोन 90 अंशांनी घसरतात, आकार मात्र कधी कधी पटण्यासारखे येतात. म्हणून उत्तराचा कोनही तपासा: इंडक्टर असलेल्या मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागेच हवा. तो पुढे आला, तर चिन्ह उलटं पडलं आहे.

खऱ्या मोटरवर आकडे इतके सुबक जुळत नाहीत. 30 ओहममध्ये वायंडिंगसोबत शाफ्टवरचा लोडही धरलेला आहे, त्यामुळे लोड बदलला की तो आकडाही बदलतो. शिवाय फेझर फक्त स्थिरावलेल्या सर्किटचं सांगतो. स्विच टाकल्यावर पहिल्या काही सायकलमध्ये करंट कसा उसळतो, ते यातून कळणार नाही; तिथे डिफरन्शियल समीकरणच सोडवावं लागतं. आणि 50 हर्ट्झसोबत 150 हर्ट्झचाही करंट असेल, तर `j40` च्या जागी `j120` घेऊन दुसरं सर्किट काढायचं. दोन्ही उत्तरं आधी टाइम डोमेनमध्ये आणायची आणि मगच बेरीज करायची.