एलटीएच्या क्लेममध्ये या चुका टाळा: ब्लॉकची वर्षं मोजताना आणि भाड्याची बिलं जोडताना

वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या लोकांचे आयकराचे कागद मी बरीच वर्षं बघतो. दर जानेवारीत, पुरावे जमा करायची तारीख तोंडावर आली की एलटीएच्या, म्हणजे कंपनी पगारात देते त्या रजा प्रवास भत्त्याच्या, त्याच दोन चुका माझ्या टेबलावर येतात. एक वर्षं मोजण्याची, दुसरी बिलांची.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल, किंवा काहीच न निवडल्यामुळे आपोआप तिच्यात गेला असाल, तर प्रवास सवलतीची सूट तुम्हाला नाही. पुढचं सगळं जुन्या प्रणालीतल्यांसाठी आहे.

आता वर्षांचं. पगार, टीडीएस, फॉर्म १६ हे सगळं एप्रिल ते मार्च चालतं, म्हणून माणूस प्रवासही तसेच मोजतो. एलटीएचा ब्लॉक मात्र कॅलेंडर वर्षांचा असतो: जानेवारी ते डिसेंबर, अशी चार वर्षं. २०१८ ते २०२१ हा एक ब्लॉक, २०२२ ते २०२५ हा पुढचा, आणि १ जानेवारी २०२६ पासून २०२६ ते २०२९. एका ब्लॉकमध्ये दोनच प्रवासांना सूट मिळते. फेब्रुवारीतला प्रवास आर्थिक वर्षाच्या शेवटी येतो, पण कॅलेंडरच्या सुरुवातीला. घोळ होतो तो इथेच.

वाळूजच्या एका कंपनीतले सुपरवायझर माझ्याकडे आले होते. डिसेंबर २०२५ मध्ये कुटुंबाला घेऊन रेल्वेने फिरून आले, तीस हजारांची तिकिटं जोडून क्लेम टाकला आणि पेरोलने तो परत पाठवला. कारण दिलं होतं, ब्लॉकमधला तिसरा प्रवास. ते म्हणाले, “साहेब, तिसरा कसा? मे २०२४ चा एक आणि हा दुसरा. तिरुपतीला गेलो ते एकवीस-बावीस सालात, तो तर जुना ब्लॉक.” तिरुपतीचं तिकीट बघितलं. तारीख होती फेब्रुवारी २०२२. म्हणजे कॅलेंडरप्रमाणे नव्या ब्लॉकमध्ये. २०२३ मध्ये नोकरी बदलताना नव्या कंपनीच्या फॉर्मवर त्यांनीच हा प्रवास लिहून दिला होता आणि पेरोलने तो या ब्लॉकचा पहिला धरला होता. पेरोलचं गणित त्यांच्या जागी बरोबर होतं.

मी त्यांना जुने फॉर्म १६ आणायला सांगितले. ते पिशवी घेऊन आले, त्यात विजेच्या बिलांमध्ये मिसळलेले सगळे फॉर्म होते. प्रवास सवलतीची सूट दाखवणारी कलम १०(५) ची ओळ आम्ही एकेका वर्षाला तपासली. २०१९-२० मध्ये रक्कम दिसली, तो मे २०१९ चा प्रवास. त्यानंतर थेट २०२१-२२, तिरुपतीचा. आधीच्या वर्षांत काही नाही, मधल्या कोरोनाच्या काळातही नाही. म्हणजे २०१८ ते २०२१ च्या ब्लॉकमधला एकच प्रवास वापरला होता आणि दुसरा शिल्लक होता.

नियम असा आहे की ब्लॉकमधला प्रवास शिल्लक राहिला तर एक प्रवास पुढच्या ब्लॉकच्या पहिल्या कॅलेंडर वर्षात करता येतो, आणि तो त्या नव्या ब्लॉकच्या दोनांत मोजला जात नाही. तिरुपती नेमका २०२२ मधला, म्हणून तो जुन्या ब्लॉकचा शिल्लक प्रवास ठरला. मे २०२४ पहिला, डिसेंबर २०२५ दुसरा. क्लेम योग्य होता. पण हे कागद जुळेपर्यंत कंपनीची मुदत संपली आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यात, सेससकट ६,२४० रुपये कापले गेले. आम्ही ते रिटर्नमध्ये मागितले. फॉर्ममध्ये “मागील ब्लॉकचा शिल्लक प्रवास” एवढं त्यांनी २०२३ मध्येच लिहिलं असतं तर ही धावपळ झाली नसती.

दोन्ही प्रवास शिल्लक असले तरी पुढे जातो तो एकच, आणि तोही फक्त पहिल्या वर्षात. २०२२ ते २०२५ मधला शिल्लक प्रवास ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच. आणि डिसेंबरच्या अखेरीस निघून जानेवारीत परतायचा बेत मी कुणाला आखू देत नाही. सगळा प्रवास एका बाजूला ठेवा, वाद राहत नाही.

दुसरी चूक बिलांची. लोक सहलीचा सगळा खर्च जोडतात. सूट फक्त भाड्याला आहे. हॉटेल, जेवण, तिथलं फिरणं, प्रवेश तिकिटं, यातलं काहीही चालत नाही. नांदेडचं एक चौघांचं कुटुंब घ्या. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला गेले, तिथून टॅक्सीने आसपास फिरले, हॉटेलात राहिले. समजा थ्री-टायर एसीचं तिकीट माणशी दोन हजार, म्हणजे चौघांचे येण्याजाण्याचे १६,०००. टॅक्सी १४,०००, हॉटेल आणि जेवण ३२,०००. खर्च ६२,००० झाला, कंपनीकडून एलटीए मिळाला ४०,०००. सूट १६,००० ला, उरलेल्या २४,००० वर कर. इथे कुणीतरी विचारतोच की मर्यादा तर फर्स्ट एसीच्या भाड्याची आहे, मग ते का नाही लावायचं? ती वरची हद्द आहे. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल तर खर्चच धरतात.

विमानाने गेलात तर जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी भाडं ही हद्द. रेल्वेने जोडलेल्या ठिकाणी गाडी भाड्याने घेऊन गेलात तर जवळच्या मार्गाचं फर्स्ट एसीचं भाडं. महाबळेश्वरसारख्या, रेल्वे न पोचणाऱ्या पण बस जाणाऱ्या ठिकाणी डिलक्स बसचं भाडं. तेव्हा तिथल्या मोठ्या टॅक्सी बिलाचा फार थोडा भाग कामी येतो. स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलच्या पावत्या माझ्याकडे आणूच नका, पेट्रोलची पावती म्हणजे भाडं नव्हे. तीन-चार गावं फिरून आलात तर मोजायचं निघाल्या ठिकाणापासून सर्वांत लांबच्या गावापर्यंत, जवळच्या मार्गाने.

टूरवाल्याचं एकरकमी बिल हा माझा सर्वांत जास्त वेळ खाणारा कागद. “पॅकेज, चार व्यक्ती” एवढंच लिहिलेलं असतं, त्यातलं भाडं किती हे कुणालाच सांगता येत नाही. बुकिंगच्या दिवशीच रेल्वे किंवा विमानाचं भाडं वेगळं लिहून मागा आणि तिकिटाची प्रत घ्या. परतल्यावर मागितलं तर मिळेल याची खात्री नाही.

परदेशाचा टप्पा मध्ये घालून “शेवटी भारतातच उतरलो” असं सांगू नका. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या अशाच प्रवासावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सूट नाकारली आहे. १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेली दोनच मुलं धरली जातात, पहिल्यानंतर जुळं झालं तर अपवाद. आई-वडील, भाऊ-बहीण तुमच्यावर अवलंबून असतील तरच. स्वतः रजा टाकून, स्वतः प्रवास करा, नुसतं कुटुंबाला पाठवून क्लेम टाकू नका. विमानाचा बोर्डिंग पास फेकू नका.

माझ्या वहीत प्रत्येकासाठी एक पान असतं: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, ठिकाण, कोणता ब्लॉक, त्यातला कितवा, शिल्लक की चालू. घरातल्या वहीतही हेच सहा रकाने आखा आणि परतल्याच्या आठवड्यातच भरा. नोकरी बदलली तर त्या पानाची प्रत नव्या एचआरला पहिल्याच महिन्यात द्या.