बदली माल दिला की साठा चुकायचा, तो असा जुळवला

आमच्या किराणा दुकानात मोजणीला तूरडाळीच्या एक किलोच्या पाकिटांचा साठा उणे दिसायचा आणि अर्ध्या किलोची पाकिटं नोंदीपेक्षा कमी भरायची. किलोचं पाकीट संपलं की पोरं अर्ध्याची दोन देत, बिल मात्र किलोचंच राही.

आता आधी गिऱ्हाइकाला फोन. हो म्हटलं तरच बदली. बिलातली मूळ ओळ काढून अर्ध्याची 2 पाकिटं लावतो. किलोचे 170 आणि दोन अर्ध्यांचे 180 होत असतील, तर त्याच ओळीवर 10 रुपये सूट देतो. बदली माल स्वस्त असेल तर स्वस्तच भाव. साठा हाताने कधीच बदलत नाही, बिलावरूनच वजा होतो. हुकलेली मागणी मात्र वहीत लिहायचीच, नाहीतर किलोची पाकिटं पुढच्या खेपेलाही कमीच मागवली जातात.